पंचवीस लाखांचं गुऱ्हाळ

शांतलिंग बिराजदार साखर कारखान्यात पॅनमन होता, आणि पॅनमन माणसाला एक खोड असते. आपल्याला सगळं नुसत्या नजरेनं कळतं, असं त्याला वाटतं. त्याचं कामच तसं. उसाचा रस आटून आटून ज्या मोठ्या पातेल्यात त्याची साखर धरते, त्या पातेल्याला म्हणायचं पॅन, आणि ती कधी धरली हे सांगायचं शांतलिंगनं. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, दिव्यापुढं धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "अजून दाणा कच्चा हाय." चीफ केमिस्टकडं यंत्रं होती, पण तोसुद्धा आधी शांतलिंगच्या तोंडाकडं बघायचा. अठ्ठावीस हंगाम असे गेल्यावर कुणाचंही डोकं थोडं फिरणारच. शांतलिंगचं थोड्यापेक्षा जरा जास्तच फिरलं होतं, आणि हे तो आता स्वतःच सांगतो.

कारखाना कळंब-येडशी पट्ट्यातला, सहकारी. शांतलिंग तिथं 'हंगामी कायम' होता. हा शब्द बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो, पण कारखान्यात सगळ्यांना कळतो. हंगामाचे पाच महिने पूर्ण पगार, आणि धुराडं बंद झालं की उरलेले सात महिने घरी बसून निम्मा पगार. त्याला रिटेन्शन म्हणतात. पुढच्या हंगामाला माणूस दुसरीकडं जाऊ नये म्हणून ते देतात. शांतलिंगचा पूर्ण पगार अठ्ठावीस हजार, निम्मा चौदा. या वर-खाली होणाऱ्या पैशावर घर चालवण्याची विद्या मात्र त्याच्याकडं नव्हती. ती त्याच्या बायकोकडं, उमादेवीकडं होती.

उमादेवी आळंदकडची, माहेरचं घर कानडी. लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी पावसाळ्यात घरात ज्वारी संपली, आणि त्या दिवसापासून तिनं एक रीत धरली. कुठलाही पैसा घरात आला की पहिल्यांदा बारानं भागायचा. हंगामात अठ्ठावीस हजार आले तरी ते तिच्या लेखी अठ्ठावीस नसायचे. दिवाळीचा बोनस बारानं भागून, पोरीच्या लग्नात आलेला आहेर बारानं भागून, सगळं महिन्यावर आणून मगच ती खर्चाला हात घालायची. शांतलिंग याला चिक्कूपणा म्हणायचा. अठ्ठावीस वर्षं म्हणायचा आणि अठ्ठावीस वर्षं वेळेवर जेवायचा.

आता त्याच्या जाणकारपणाची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी कारखान्यावर पीएफवाल्यांचं शिबिर झालं होतं. खुर्च्या भरायच्या म्हणून कामगारांना बसवलं होतं, आणि शांतलिंगनं उठून प्रश्न विचारला. "साहेब, आमी वर्षात पाचच महिने हजेरी लावतो. मग पेन्शनला आमचं वर्ष निम्मं धरणार का?" साहेब खूश झाले. म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे, आणि तुमच्यासारख्या हंगामी कामगाराचा हंगाम कितीही महिन्यांचा असला तरी पेन्शनला ते पूर्ण वर्षच धरतात. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या साहेबांसाठी होत्या की शांतलिंगसाठी, यावर मतभेद आहेत, पण शांतलिंगनं त्या घरी नेल्या. त्या दिवसापासून तो पेन्शनचा जाणकार झाला. कुणाला शंका आली की गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर तो बोट वर करून सांगायचा, "सीझन म्हंजी पुरं वर्ष. लिहून घ्या." एवढं एकच वाक्य त्याला येत होतं, पण ते तो फार जोरात म्हणायचा.

आणि या वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली. नवी मशिनरी येणार, माणसं कमी करायची होती. नोटिशीचे फोटो कामगारांच्या ग्रुपवर आले. दोन पानं, दोन फोटो. शांतलिंगनं पहिला उघडला. त्यावर लिहिलं होतं: झालेल्या प्रत्येक वर्षाला पस्तीस दिवसांचा पगार, निवृत्तीला उरलेल्या प्रत्येक वर्षाला पंचवीस दिवसांचा. दुसरा फोटो त्याच्या मोबाईलवर धूसरच राहिला, कारण डेटा वाचवायला त्यानं फोटो आपोआप उतरायचे बंद केले होते आणि बोटानं दाबायचे कष्ट घेतले नाहीत. गरजही वाटली नाही. एका थेंबावरून पॅनभर पाक ओळखणारा माणूस एका पानावरून नोटीस ओळखणार नाही का?

त्यानं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर गणित मांडलं. झालेली वर्षं अठ्ठावीस, सीझन म्हंजी पुरं वर्ष. त्याचे नऊशे ऐंशी दिवस. वय बावन्न, निवृत्ती अठ्ठावन्नला, उरली सहा वर्षं, त्याचे दीडशे. एकूण अकराशे तीस दिवस. महिन्याचे सव्वीस दिवस धरून दिवसाचा पगार एक हजार सत्याहत्तर. झाले बारा लाख सतरा हजार. ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवस, झाली साडेचार लाख. पीएफचे साठलेले नऊ लाख. एकूण पंचवीस लाख आणि वर काही हजार. वरचे हजार त्यानं मनाच्या मोठेपणानं सोडून दिले.

पंचवीस लाख हा आकडा जिभेवर फार छान बसतो. शांतलिंगनं तो टपरीवर तंबाखू मळत दिवसातून चार वेळा बसवून बघितला. साखरेतून मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल मशीनवरचा सिद्धाराम, बॉयलरवरचा बजरंग, मिलचे, टर्बाइनचे, सगळे त्याच्याभोवती. तो प्रत्येकाचं गणित फुकट करून द्यायचा, आणि प्रत्येकाचा आकडा वीस लाखांच्या वर जायचा.

"पण आण्णा, पेन्शन जाती की," सिद्धाराम म्हणाला. सिद्धाराम पन्नाशीचा, शंकेखोर, पण शांतलिंगला मानणारा.

"कसली जाती? दहा वर्षं झाली की पेन्शन पक्की. आपली तर अठ्ठावीस हायेत. पन्नाशीनंतर कवाबी चालू करता येती. उद्या राजीनामा, परवा पेन्शन. लाख खिशात, पेन्शन बँकेत. अजून काय पायजे?"

सिद्धारामला अजून काय पाहिजे ते सुचलं नाही. त्यानं अर्ज भरला. अर्ज नंबर दोन. एक नंबर अर्थातच शांतलिंगचा होता. पंधरा दिवसांत एकेचाळीस अर्ज पडले, आणि त्यातले बहुतेक टपरीवर, शांतलिंगच्या पेनानं भरलेले.

पैशांचं काय करायचं हेही ठरलं होतं. गुऱ्हाळ. स्वतःचं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याची साखर धरली, आता आपला गूळ काढू. येडशीच्या रस्त्याला मेव्हण्याची दोन गुंठे पडीक जागा होती. कढई, चुलवण, चरक सगळं डोक्यात मांडून झालं. प्रत्यक्षात मात्र एकच गोष्ट झाली, ती म्हणजे पाटी. कळंबच्या पेंटरकडून त्यानं सहा फूट पत्र्यावर पिवळ्या रंगात लिहून आणलं: 'शांतलिंग गुऱ्हाळ. मालक: शांतलिंग क. बिराजदार.' खाली उसाची दोन चित्रं. अठराशे रुपये गेले. ऊस नव्हता, कढई नव्हती, पैसे नव्हते, पण मालक होता. पाटी त्यानं घराच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसावी म्हणून मोटरसायकल जरा बाजूला लावायला लागला.

अर्ज मागं घ्यायची मुदत होती सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी पाच. त्यानंतर मंजुरी, मग माघार नाही. ही मुदत शांतलिंगला माहीत होती, पण ती घाबरट लोकांसाठी आहे असं त्याचं मत होतं.

शुक्रवारी दुपारी तो जेवायला बसला. उमादेवीनं भाकरी वाढली, आमटी वाढली, समोर बसली आणि म्हणाली, "पंचवीस लाख म्हंता. बारानं भागू का?"

"भाग की. महिन्याला दोन लाख येतील."

"एका वर्षासाठी न्हाय. सहा वर्षं पगार येणार न्हाय ना? मग सहा वर्षांचे महिने बहात्तर. बहात्तरनं भागते." ती बोटांवर काहीतरी करत राहिली आणि मधेच थांबली. "एक सांगा. पीएफचे नऊ लाख. तुमी न्हाय सोडलं काम, तर ते बुडणार हायेत का?"

"ते कसे बुडतील? ते आपलेच हायेत. अठ्ठावन्नला मिळणारच."

"अन् ग्रॅच्युइटी?"

"तीबी मिळणार."

"मग ते काढून ठेवा बाजूला. तुमचंच पातेलं तुमाला परत दिलं तर ते वाढलं म्हनायचं का?"

शांतलिंगनं घास तोंडापाशी धरला. पंचवीसातून नऊ गेले, साडेचार गेले. राहिले बारा. बारासुद्धा वाईट नव्हते. त्यानं तो घास खाल्ला.

"अन् पेन्शन किती?" तिनं विचारलं.

"मिळंल तीन-चार हजार."

"तीन का चार?"

"अगं, तेवढ्यातच."

"तीन अन् चारात महिन्याचं तेल बसतंय," उमादेवी म्हणाली. मग आमटीचं भांडं सरकवत, जेवणाकडंच बघत, तिनं विचारलं, "अन् तुमच्या मागं मला किती मिळंल?"

टपरीवर शांतलिंगनं एकेचाळीस जणांचे हिशोब केले होते. त्यातल्या एकातही हा प्रश्न आला नव्हता. कुणीही तो विचारला नव्हता, कारण टपरीवर बायका येत नाहीत. तो पाणी प्यायला. म्हणाला, "उद्या हर्षाली मॅडमकडनं लिहूनच आणतो. म्हंजी तुझं समाधान."

"बेडा," ती माहेरच्या कानडीत म्हणाली, म्हणजे नको. "माझं समाधान नको. आकडा आणा."

हर्षाली मॅडम टाइम ऑफिसात हजेरी, पगार आणि पीएफ बघायची. पस्तिशीची, कळंबहून स्कूटीवर यायची, बोलायची कमी. शनिवारी दहा वाजता शांतलिंग तिच्यापुढं बसला तो अशा थाटात, की परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक आहे.

"काका, तुम्ही दुसरं पान वाचलंत का?" तिनं विचारलं.

"वाचलं ना," शांतलिंग म्हणाला. हे खोटं होतं, आणि एवढं खोटं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं, पण तो पुढं म्हणाला, "नियम तर आमीच लोकांना सांगतो."

तिनं दुसरं पान काढून त्याच्यापुढं ठेवलं आणि कलम सातवर पेन टेकवला. हंगामी कायम कामगाराचा एक हंगाम हा या योजनेपुरता अर्धं वर्ष धरला जाईल. उरलेली वर्षंही त्याच हिशोबानं.

शांतलिंगनं ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा. "पण सीझन म्हंजी पुरं वर्ष असतंय. शिबिरात साहेब म्हणले होते."

"पेन्शनला, काका. ती सरकारची योजना, तिचा नियम तो. ही कारखान्याची योजना, हिचा नियम हा. अन् ग्रॅच्युइटीला तिसराच. तिथं हंगामी माणसाला हंगामाला सात दिवस. तुम्ही पंधरा धरले ना?"

तिनं कोरा कागद घेतला, मधे आडवी रेघ मारली. रेघेच्या वर तिनं लिहिलं: राहिलो तरी मिळणार, गेलो तरी मिळणार. तिथं पीएफ गेला, ग्रॅच्युइटी गेली, आणि ग्रॅच्युइटी होती दोन लाख अकरा हजार. "हे मोजायचंच नाही. हे कुणी तुम्हाला देत नाही, हे तुमचंच आहे."

रेघेखाली योजनेचे पैसे. अठ्ठावीस हंगामांची चौदा वर्षं, सहाची तीन. पाचशे पासष्ट दिवस. सहा लाख आठ हजार.

"एवढेच?"

"एवढेच. त्यात पाच लाखांपर्यंत आयकर नाही, वरच्यावर लागू शकतो. आता जातंय काय ते बघू." हंगामाचे पाच महिने पूर्ण, सात निम्मे, वर्षाचे दोन लाख अडतीस हजार. सहा वर्षांचे चौदा लाख अठ्ठावीस हजार, तेही पगारवाढ न धरता. "शिवाय कारखाना तुमच्या पीएफमध्ये दर महिन्याला भरतो तो वाटा थांबतो. अन् मग पेन्शन."

पेन्शनचं गणित तिनं सावकाश केलं. पंधरा हजारांच्या वरचा पगार पेन्शनला धरत नाहीत, आणि २०१४ च्या आधीच्या हंगामांना तर साडेसहा हजारच. सतरा हंगाम साडेसहावर, अकरा हंगाम पंधरावर, भागिले सत्तर. तीन हजार नऊशे छत्तीस. "ही तुम्ही आज काम सोडून अठ्ठावन्नपर्यंत थांबलात तर. आजच चालू केलीत तर अठ्ठावन्नला जेवढी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कपात. तीन हजारांच्या आसपास येईल. अन् ती कपात अठ्ठावन्नला उठत नाही, जन्मभर राहते. अठ्ठावन्नपर्यंत काम केलंत तर सहा हंगाम वाढतील, पाच हजार दोनशे एकवीस. वीस वर्षांच्या वर सेवा असली की दोन वर्षं वाढीव मिळतात, ती मी कुठंच धरली नाहीत. तुमच्या बाबतीत कशी धरतील ते पीएफ ऑफिसला विचारा."

"अन्..." शांतलिंगनं कागद आपल्याकडं ओढला. "आमच्या मागं घरच्यांना?"

"निम्मी. तुम्हाला जी चालू असेल तिची निम्मी. तीन हजार घेत असाल तर काकूंना दीड. पाच हजार दोनशे असेल तर सव्वीसशे दहा."

रात्रंदिवस पाक ढवळणाऱ्या माणसाला पंख्याखाली घाम यायला नको, पण आला. त्याला आठवलं की उमादेवीनं आयुष्यभर निम्म्यातच संसार केला होता, आणि तो तिला शेवटी निम्म्याचंही निम्मं देऊन जायला निघाला होता, वर पिवळी पाटी लावून.

"पण कारखानाच चालला न्हाई तर?" त्यानं शेवटचा पत्ता टाकला.

"तो प्रश्न खरा आहे," हर्षाली म्हणाली. "त्याचं उत्तर या कागदावर नाही. गेले चार हंगाम तर चाललाय, पगार झालेत. पुढचं तुम्ही ठरवा. अन् गुऱ्हाळाचं म्हणाल, तर त्यानं बाराही महिने, महिन्याला वीस हजार निव्वळ दिले, तर तुम्ही आज आहात तिथंच राहाल."

"गुऱ्हाळबी सीझनलाच चालतंय," शांतलिंग स्वतःशीच म्हणाला. ही गोष्ट त्याला जन्मापासून माहीत होती. पाटी रंगवताना आठवली नव्हती, एवढंच.

मग त्याला ते एकेचाळीस अर्ज आठवले, आणि त्यानं मान वळवून घड्याळाकडं बघितलं. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

माघारीच्या अर्जावर 'कारण' असा रकाना होता. हर्षाली म्हणाली, वैयक्तिक लिहा, सगळे तेच लिहितात. शांतलिंगनं लिहिलं: 'अर्जदारास हिशोब येत नाही.' तिनं वर बघितलं. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. खरं कारण तेच हाय." मग त्यानं तिच्याकडून त्या आडव्या रेघेच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि टपरीवर गेला.

तिथून त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला: अर्ज भरलेल्यांनी तीनच्या आत टपरीवर या, माझी चूक झाली आहे. पहिल्या वाक्याला कुणी हललं नसतं. दुसऱ्या वाक्यासाठी मात्र ढोकीपासून माणसं आली. शांतलिंगनं स्वतःची चूक कबूल केलेली कुणीच ऐकली नव्हती, आणि ते ऐकायला लोक पेट्रोल जाळायला तयार होते.

बाकड्यावर उभं राहून त्यानं सांगायला सुरुवात केली. आवाज आधी नेहमीसारखा मोठा निघाला, मग त्याचा त्यालाच नकोसा झाला, म्हणून तो खाली उतरला आणि बसून सांगितलं. म्या दुसरं पान वाचलं न्हाई. सीझन पेन्शनला पुरं वर्ष, इथं निम्मं. तुमचे-माझे वीस-पंचवीस लाख खोटे. आधी रेघ मारा, जे तसंबी मिळणार हाय ते वर टाका, उरंल ते योजनेचं. मग उरलेल्या वर्षांचा पगार मांडा, अन् पेन्शन तीन तऱ्हेची मांडा. आज घेतली तर, थांबून घेतली तर, काम करून घेतली तर.

"अन् तुमच्या मागं बायकोला किती तेबी मांडा," तो म्हणाला. "हे मला आमच्या घरनं विचारलं. मला ठाव नव्हतं."

सिद्धारामचा चेहरा लाल झाला होता. "आण्णा, म्या पेन्शनचं विचारलं होतं की नव्हतं? त्या दिशी?"

"विचारलं होतंस."

"काय म्हणला होता तुमी?"

"लई काय काय म्हणलो होतो. सगळं चूक होतं. शिव्या द्यायच्या तर दे, पण पाचच्या आत अर्ज माघारी घे, मग दे. टायम कमी हाय."

सिद्धारामनं शिव्या आधी दिल्या. दोनच, पण निवडक. मग तो झेरॉक्स घेऊन टाइम ऑफिसकडं गेला.

चार वाजेपर्यंत टाइम ऑफिसपुढं रांग लागली, आणि शांतलिंग रांगेच्या कडेला उभा राहून ज्याला त्याला दुसरं पान वाचायला लावत होता. थोडे जण मात्र रांगेत नव्हते, म्हणून तो टपरीवर बघायला आला. बॉयलरवरचा बजरंग टपरीवरच बसला होता, चहाच्या दर घोटामागं खोकत. त्याचे दोनच हंगाम उरले होते.

"बजरंगा, तू न्हाय चालला?"

"माझं मॅडमनी मांडलं," बजरंग म्हणाला. "नोटिशीत हाय, उरलेल्या पगारापेक्षा जास्त देणार न्हाईत. माझा आकडा तिथंच अडलाय. म्हंजी दोन सीझन धूर खाऊन जेवढं मिळणार, तेवढंच घरी बसून. पेन्शनचे सव्वाचारशे रुपये कमी होतील महिन्याला. डॉक्टर म्हणतो, ते सव्वाचारशे दवाखान्यात जास्त जातील बॉयलरवर राहिलो तर. म्या जातो आण्णा. तुझ्या सांगण्यावरनं न्हाय जात."

"ते बरं केलंस," शांतलिंग म्हणाला, आणि त्याला खरोखरच बरं वाटलं. एकच कागद, पण दोघांचं उत्तर वेगळं आलं होतं. हे त्याला टपरीवर बोट वर करून एकाच वाक्यात कधीच सांगता आलं नसतं.

पाच वाजता खिडकी बंद झाली. एकेचाळीसपैकी चौतीस अर्ज माघारी गेले. सात राहिले, त्यातला प्रत्येक जण आपापला कागद मांडून राहिला होता. हर्षालीनं सांगितलं, रजिस्टरला 'हिशोब येत नाही' हे कारण एकट्याच्याच नावापुढं आहे.

घरी गेल्यावर शांतलिंगनं सगळं सांगितलं, काहीही न वगळता. उमादेवीनं सहा लाख आठ हजारांना बहात्तरनं भागलं आणि म्हणाली, "साडेआठ हजारबी न्हाईत महिन्याला." बस, एवढंच. तिनं टोमणा मारला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"तुझा आकडा आणलाय," तो म्हणाला. "सव्वीसशे दहा. आज सोडलं असतं तर दीड हजार झाला असता."

ती म्हणाली, "जास्तीचा आकडा तुमी अठ्ठावन्नपर्यंत जगला तरच येणार हाय ना? मग तंबाखू सोडा."

दसऱ्याला बॉयलर पेटला आणि शांतलिंग पुन्हा पॅनवर उभा राहिला. पोरं त्याला 'मालक' म्हणून हाक मारतात. काचेची पट्टी दिव्यापुढं धरली की कुणीतरी मागून म्हणतं, "मालक, दुसरं पान बघितलं का?" तो पट्टी उलटी करून बघतो. आधी तो एकच थेंब घ्यायचा, आता दोन घेतो. केमिस्ट म्हणतो, त्यानं साखरेत काही फरक पडलेला नाही. शांतलिंग म्हणतो, माणसात पडलाय.

सहा फुटी पाटीचं मात्र काय करायचं हे त्याला समजेना. विकावी तर तिच्यावर नाव, फेकावी तर अठराशे रुपये. शेवटी उमादेवीनंच ती न्हाणीच्या हौदावर झाकण म्हणून टाकली. रोज सकाळी अंघोळीला पाणी काढायचं तर शांतलिंगला आधी स्वतःचं पिवळं नाव दोन्ही हातांनी उचलावं लागतं. एकदा त्यानं पाटीच्या मागच्या बाजूला, जी उचलल्यावरच दिसते, पिवळ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: उमादेवी, २६१०. ती म्हणाली, पाण्यानं जाईल. तो म्हणाला, ऑइल पेंट आहे, जात नाही, आणि तंबाखूची पुडी खिशातून काढून चुलीत टाकली.